उलगड्याचं कार्ड

मला गप्प बसता येत नाही. याला स्वभाव म्हणा नाहीतर रोग. वर्गात प्रश्न विचारला की पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तर माझ्याच तोंडातून बाहेर पडतं. नवरा म्हणतो, तू स्वतःलाच शिकवतेस, पोरं नुसती साक्षीला असतात. त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.

फैजपूरच्या अलीकडे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी पाचवीला होते. शाळेच्या तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा, चौथ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्याने दिवसभर केळीचे ट्रक. मी मूळची धुळ्याकडची. माझी आई अजून ‘आहे’ला ‘शे’ म्हणते आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’. मी मात्र डीएडला गेल्यापासून अहिराणी पेटीत घालून कुलूप लावलं होतं. इकडे पूर्व भागात बोली वेगळी, लोक वेगळे. बाई कुठल्या म्हणून कोणी विचारलं तर मी ‘धुळे’ एवढंच सांगायची, गावाचं नाव गिळायची.

त्या वर्षी जुलैत एक मुलगी वर्गात आली. आईवडील साक्रीकडून केळीच्या कामाला आलेले. आई पॅकिंगच्या शेडवर, वडील कापणीच्या टोळीत. मामा इथे आधीपासून होता, त्याच्याच खोलीशेजारी यांनी खोली घेतली होती. मी तिला उभं केलं आणि विचारलं, गाव कोणतं तुझं. ती म्हणाली, “मनं गाव साक्रीकडे शे.”

वर्ग हसला. पोरं हसणारच, पोरंच ती. पण मीही हसले. का हसले ते आजही मला नीट सांगता येत नाही. हजेरीपट तोंडासमोर धरला होता, तरी ती माझ्याकडेच बघत होती, तिला दिसलं. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीलाही हात वर करायची. लिहायला सांगितलं तर बऱ्यापैकी लिहायची, पण बोलायचं म्हटलं की मान खाली.

आता पाचवीला पुन्हा परीक्षा आली आहे. नापास झालं, फेरपरीक्षेतही नापास झालं, की त्याच वर्गात बसावं लागतं. त्यात तोंडी परीक्षा वेगळी. लेखी परीक्षेतही तिचं काठावरचंच होतं. म्हणजे तोंडी परीक्षेत ती अशीच मुकी उभी राहिली असती तर गेलीच असती. गणपतीच्या सुमाराला तिची आई शाळेत आली. शेडवरून थेट आली होती, लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ती सांगत होती की मामाने ठरवलंय, पोरगी नापास झाली तर तिला गावी आजीकडे धाडायचं, बकऱ्यांमागे. इथे खाणारं तोंड कशाला ठेवायचं, असं तो म्हणतो. एवढं सांगून ती थांबली आणि मला म्हणाली, घरी तर ही दिवसभर बोलते हो बाई. मी तिला प्रमाण मराठीत धीर दिला. ती गेल्यावर मला स्वतःचाच इतका संताप आला की पुढच्या तासाला मी विनाकारण दोन पोरांना उभं केलं.

त्याच महिन्यात जळगावला प्रशिक्षण झालं. प्रशिक्षणं आम्ही खूप बघितली आहेत. चहा, सही, फोटो, आणि घरी. पण या वेळची बाई जरा निराळी होती. तिने आम्हाला पाच-पाच जणांत बसवलं, हातात उतारा दिला आणि सांगितलं, मी शिकवणार नाही, तुम्हीच एकमेकांना शिकवा. परस्पर अध्यापन म्हणतात याला. उतारा परिच्छेदापरिच्छेदाने वाचायचा. पुढे काय येईल याचा एकाने आधी अंदाज करायचा, तोही कारण देऊन. वाचून झाल्यावर दुसऱ्याने गटाला प्रश्न विचारायचे. तिसऱ्याने जे समजलं नाही ते सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा उलगडा करायचा. चौथ्याने थोडक्यात सारांश सांगायचा. आणि पाचवा गुरुजी, त्याने फक्त चर्चा चालवायची. परिच्छेद बदलला की कामं बदलायची, म्हणजे प्रत्येकाला सगळं यायला हवं. खऱ्या गुरुजींनी सुरुवातीला करून दाखवायचं आणि मग हळूहळू मागे सरकायचं. त्या बाईचं हे शेवटचं वाक्य मला टोचलं. मागे सरकणं हे माझ्या बापजन्मात झालेलं नाही.

तरी मी हट्टाने सुरू केलं. शेडवरून एक फाटका केळीचा बॉक्स आणला, त्याच्या पुठ्ठ्याची पाच कार्डं कापली आणि स्केचपेनने लिहिलं: अंदाज, प्रश्न, उलगडा, सारांश, गुरुजी. प्रत्येकाच्या मागे काम लिहिलं. उलगड्याच्या मागे लिहिलं, ‘जे समजलं नाही ते सांग.’ पाच पोरांचा एक गट घेतला, बाकीची पोरं तोवर लिहीत बसायची. गटात त्या मुलीला घेतलं. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, मुकी पोरगी बोलायच्या गटात कशाला? मी म्हटलं, बघू. खरं तर मला काही बघायचं नव्हतं. हसल्याचं पाप कुठेतरी फेडायचं होतं.

पहिले पंधरा दिवस नाकी नऊ आले. मी करून दाखवायची, म्हणजे मोठ्याने विचार करायची: शीर्षकात विहीर आहे, चित्रात दोर तुटलेला आहे, म्हणजे पुढे कोणीतरी अडचणीत येणार, असं मला वाटतं. पोरं तेच शब्द उचलायची. अंदाजवाला कोणत्याही उताऱ्याला म्हणायचा, कोणीतरी अडचणीत येणार. उतारा मुंग्यांचा असो की पोस्टाचा. प्रश्नवालीला वाटायचं, ज्याचं उत्तर ओळीत सापडतं तोच प्रश्न. मुंगीला पाय किती, मुंगी राहते कुठे. ‘का’ आणि ‘कसं’ने सुरू होणारा एक तरी प्रश्न हवा, असा नियम केला तेव्हा कुठे ती विचारायला लागली की मुंग्या एकाच रांगेत का जातात. सारांशवाला आख्खा परिच्छेद पुन्हा म्हणून दाखवायचा. त्याला सांगितलं, आजोबा दुसऱ्या बांधावर उभे आहेत, ओरडून सांगायचंय, एका श्वासात किती सांगशील? त्याला ते बरोबर कळलं. शेतात तो रोज तेच करत होता.

मी एका बुटक्या स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. हात मोकळे असले की बोट दाखवलं जातं, बोट दाखवलं की तोंड उघडतं. तरी चारदा उठायची, खिडकी लावायची, उघडायची. पण ऑक्टोबरपर्यंत चौघं स्वतःची स्वतः भांडायला लागली. गुरुजीचं कार्ड ज्याच्याकडे, तो म्हणायचा, थांब, तिचं होऊ दे. हे ऐकून मला बरं वाटायचं, आणि आपली गरज संपली की काय असंही वाटायचं.

अडलं ते उलगड्याच्या कार्डावर. ते कार्ड ज्याच्याकडे जाई तो म्हणे, काही नाही बाई, सगळं समजलं. रोज हेच. आणि का नाही म्हणणार? वर्षानुवर्षं मीच फळ्यापाशी उभी राहून विचारत आले, समजलं का रे? आणि वर्ग एका सुरात म्हणत आला, हो बाई. ‘नाही’ म्हणणाऱ्याला मी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा ओरडले. पोरं काय वेडी आहेत होय, न समजल्याचं सांगायला? पेरलं तेच उगवलं होतं.

ती मुलगी तर कार्ड हातात घ्यायची, उलटं करून मागचं वाचायची, आणि शेजारच्या पोरीकडे सरकवायची. कुठलंही कार्ड असो. मी दातांखाली जीभ धरून मनात आकडे मोजायची. प्रशिक्षणवाल्या बाईने सांगितलं होतं, थांबायला शिका. मी पाचापर्यंत जायची आणि मग मीच म्हणायची, बरं, राहू दे.

डिसेंबरची शिक्षण परिषद आमच्या शाळेत आली. म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, एक आदर्श पाठ होतो, चर्चा होते, जेवण होतं. केंद्रप्रमुखांनी माझंच नाव घेतलं. मोठे गुरुजी म्हणाले, त्या पोरीला त्या दिवशी मागे बसवा. मी नाही म्हटलं. पण त्यानंतर मी जे केलं ते माझ्या जातीच्या सगळ्या मास्तरांनी आयुष्यभर केलं आहे. मी पाठ बसवला.

उतारा शेतीच्या एका जुन्या अंकातला, केळीवरचा. पोरांच्या अंगणातला विषय, म्हटलं, चुकायला जागा नको. आठवडाभर तोच उतारा. कोणी कोणता अंदाज करायचा, कोणी काय विचारायचं, सारांश किती ओळींचा, सगळं पाठ. घोळ नको म्हणून त्या दिवसापुरती कार्डंही बदलायची नाहीत. त्या मुलीला मी मुद्दाम उलगड्याचं कार्ड दिलं, कारण तिला एकच शब्द बोलायचा होता. उताऱ्यात ‘ऊतिसंवर्धन’ असा शब्द होता. तिने म्हणायचं, ऊतिसंवर्धन समजलं नाही. शेजारच्या मुलाने सांगायचं, म्हणजे प्रयोगशाळेत केळीच्या लहानशा तुकड्यापासून रोपं तयार करतात, आपण त्यांना टिश्यूची रोपं म्हणतो. तालमीत ती तो एक शब्दही बोलली नाही. मी म्हटलं, नुसतं बोट ठेव त्यावर, मी सांभाळून घेईन.

परिषदेच्या दिवशी पन्नासेक शिक्षक भिंतींना टेकून बसले. मधे सतरंजीवर पाच पोरं, बाजूला स्टुलावर मी, हात मांडीखाली. अंदाजवाल्याने शीर्षकाकडे बघितल्यासारखं केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, मला वाटतं पुढे केळीच्या खोडाविषयी सांगितलं असेल, कारण चित्रात खोड आहे. उतारा सहा वेळा वाचलेल्या पोराचा अंदाज बरोबरच येणार. मागे कोणीतरी खाकरलं. एक जुने गुरुजी शेजारच्याला म्हणाले, चांगला बसवलाय. त्यांनी हळू म्हटलं होतं, पण मला ऐकू आलं. अंगावर शेण पडल्यासारखं झालं. आपलं सोंग आपल्याच जातभाईंनी ओळखावं, याच्यासारखी लाज नाही.

पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. केळीला एकदाच घड येतो, मग ते खोड संपतं, पण बुडाशी पिलं फुटतात आणि त्यांतून पुढची बाग उभी राहते. सगळं तालमीबरहुकूम. तिसऱ्या परिच्छेदात होतं की आपण खातो त्या केळीत उगवणारं बी नसतं, म्हणून लागवड कंदापासून किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांपासून करतात. गुरुजीचं कार्ड त्या दिवशी एका बडबड्या पोरीकडे होतं, गावातल्या मोठ्या बागायतदाराची नात. तिने त्या मुलीकडे बघून म्हटलं, आता उलगडा. कोणाला काय समजलं नाही?

ती मुलगी कार्डाकडे बघत राहिली. उलटं केलं. मागचं वाचलं. मी आकडे मोजायला लागले. तीन, चार, पाच. केंद्रप्रमुखांनी घड्याळ बघितलं. सात, आठ. माझा उजवा हात मांडीखालून निघाला होता, तो मी परत कोंबला. तिने आज बोट ठेवलं नाही. उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, ओठ हलवत. बारा. मोठे गुरुजी दारातून मला खूण करत होते, पुढे चला म्हणून. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बाई, एक शब्द बोल आणि सोडव मला. पंधराच्या पुढे मी मोजायचं विसरले.

मग ती बोलली. “माले हाई समजनं नही. बी नही शे, मंग पयली केय कथाईन उनी?”

मला हे समजलं नाही. बी नाही, तर मग पहिली केळ आली कुठून?

कोणी हसलं नाही असं म्हणणार नाही. मागे दोघं-तिघं हसले, शिक्षक हं, पोरं नव्हे. पण सतरंजीवर मात्र भलतंच झालं. गुरुजीचं कार्डवाली नाक उडवून म्हणाली, सोपंय, पिलापासून. ती मुलगी मान हलवून म्हणाली, पिल कोनापासून? कंदापासून, शेजारचा म्हणाला. आणि कंद? सारांशवाल्याने उतारा ओढून घेतला आणि शोधायला लागला. उताऱ्यात नव्हतंच ते. अंदाजवाल्याने पहिल्यांदाच खरा अंदाज केला. म्हणाला, आमचे नाना सांगतात, सातपुड्यात रानकेळी असते, तिच्यात हरभऱ्याएवढ्या बिया असतात. मग आधी बियाच असतील आणि नंतर गेल्या असतील. पण गेल्या कशा? हे त्या मुलीने विचारलं. पाठ केलेलं सगळं संपलं होतं आणि पाचही डोकी एका कागदावर वाकली होती.

शेवटी पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं. पन्नास शिक्षकांनीही बघितलं. अठरा वर्षांच्या नोकरीत मी उत्तर येत नसलं तरी काहीतरी ठोकून दिलं आहे, किंवा ‘उद्या बघू’ म्हणून फळा पुसला आहे. इथेही जिभेवर काहीतरी आलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, जुलैत बघितलं होतं तशीच. आणि वीस वर्षं कुलूप लावून ठेवलेली पेटी माझ्या नकळत उघडली.

“मालेबी माहीत नही,” मी म्हटलं.

तिचे डोळे एवढे झाले. मग गटातला तो शेजारचा म्हणाला, बाई, तुम्ही पण? एवढंच. आणि गुरुजीचं कार्डवाली म्हणाली, मग हे शोधायचं म्हणून लिहून ठेवा, आता सारांश.

चर्चेत माझी बरी खरडपट्टी निघाली. पाठ अर्धवट राहिला, विद्यार्थिनीची भाषा प्रमाण नव्हती, शिक्षिकेचीही नव्हती, असं सगळं वहीत लिहिलं गेलं. मी सही केली. जेवताना ते जुने गुरुजी ताट घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, शेवटचं मात्र बसवलेलं नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं.

त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही महिनाभर शोधलं. एका कृषी पदवीधराला शाळेत बोलावलं. त्याने सांगितलं की नानांची रानकेळी ही आपल्या केळीची आई नव्हे, चुलत बहीण. पण आपल्या केळीच्या पूर्वजांतही बियाच होत्या. कधीतरी काही झाडांना बी न धरणारी फळं आली, माणसांनी त्यांचीच पिलं जपली, लावली, पुन्हा लावली. तोवर मी कार्डांचे नियम बदलले होते. उतारा आधी वाचलेला नको, आणि उलगड्याचं कार्ड रिकामं परत आलं की ते माझ्याकडे येणार, मग मला काय समजलं नाही ते मी सांगणार. पोरांना याची इतकी मजा वाटली की पुढे माझ्यापर्यंत कार्ड क्वचितच आलं. ती मुलगी बोलायला लागली. आधी गटातच, आधी अहिराणीतच, आणि थोडंच.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा मोठ्या गुरुजींनी आपल्या खोलीत घेतली. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. शिपाई म्हणाला, बाई, पोरगी तुमची आहे का? मी त्याला झाडलं. खिडकी अर्धी उघडी होती. मोठ्या गुरुजींनी उतारा वाचला आणि सवयीने विचारलं, समजलं का? सकाळपासून प्रत्येक पोराने याला ‘हो’ म्हटलं होतं. ती म्हणाली, नाही. मी खिडकीपाशी थांबले. मग तिने सांगितलं, मधलं वाक्य पुन्हा वाचा. मोठ्या गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि वाचलं. त्यानंतरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने दिली, निम्मी मराठीत, निम्मी अहिराणीत.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी आई पेढे नाही, पिकलेली केळी घेऊन आली, शेडवरची, आकाराने नापास झालेली. मामाने काही म्हटलं नाही, एवढंच ती सांगत होती. मुलगी तिच्यामागे उभी होती. माझ्या तोंडाला दम कुठला. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, आपल्या बोलीत, की बाई गं, वर्षभर मी देव पाण्यात ठेवले तेव्हा बोलली नाहीस, आणि पन्नास लोकांत बरी बोललीस?

तिने क्षणभर विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती, नुसतं कारण सांगत होती.

“कार्ड मनाजोडे व्हतं ना बाई,” ती म्हणाली. “मंग तुम्ही कशा हसशात?”

कार्ड माझ्याजवळ होतं. मग तुम्ही कशा हसणार.

‘जे समजलं नाही ते सांग’ हे त्या कार्डामागे मीच लिहिलं होतं, आणि आधी दर वेळी पाचावर मोजणं सोडून ते मीच काढून घेत होते. तिच्या आईने दिलेलं केळ मी सोललं आणि तिच्यासमोर उभी राहून ते सगळं खाल्लं.